रात्री साडेदहाचा आवाज, सकाळी साडेसातचं ऑपरेशन: लिंगाच्या फ्रॅक्चरचं एक प्रकरण

पहाटे पावणेसहाला कॅज्युअल्टीतून फोन आला. "सर, एक पेशंट आलाय, पस्तिशीतला आहे. 'बाथरूममध्ये पडलो' म्हणतोय, पण सूज फक्त लिंगावर आहे." रात्रपाळीच्या डॉक्टरांनी नेमकी पाहिलेली ही गोष्ट अर्धं निदान होती. बाथरूममध्ये घसरून पडलेल्या माणसाचा गुडघा फुटतो, मनगट सुजतं, कंबर धरते. बाकी अंगाला ओरखडासुद्धा नाही आणि लिंग मात्र काळंनिळं झालंय, असं पडण्याने सहसा होत नाही.

(रुग्णाची आणि त्याच्या पत्नीची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय तपशील तसेच ठेवले आहेत.)

मी पोचलो तेव्हा तो टेबलावर कुशीला होऊन पडला होता आणि पत्नी पडद्याबाहेर उभी होती. मी तिला आत बोलावलं आणि दोघांना सांगितलं, "हे बघा, लग्न झालेल्या माणसाला संबंधाच्या वेळी ही इजा होते. आमच्याकडे अशा केसेस येतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण काय झालं ते मला नेमकं कळलं पाहिजे, कारण त्यावरच पुढचं ठरणार." तो गप्पच राहिला. बोलली ती पत्नी. रात्री साडेदहाच्या सुमाराला संबंध चालू होते, ती वर होती. मध्येच लिंग बाहेर निसटलं आणि परत आत जाताना तिच्या जांघेतल्या हाडावर जोरात आपटून वाकलं. "काहीतरी मोडल्यासारखा कट्कन् आवाज आला. मलापण ऐकू आला, डॉक्टर."

मी विचारलं, "आवाजानंतर ताठरपणा किती वेळ राहिला?"

आता तो बोलला. "लगेच गेला, सर. एका झटक्यात."

निदानासाठी मला एवढं पुरेसं होतं. आवाज, तीव्र कळ, त्याच क्षणी ढिलं पडणं आणि पुढच्या काही मिनिटांत वाढत गेलेली सूज, हा क्रम असला की लिंगाचं फ्रॅक्चर जवळजवळ नक्की असतं.

इथे मोडतं काय, ते सांगायला हवं, कारण माणसाच्या लिंगात हाड नसतं. लिंगाच्या लांबीभर रक्त साठवणारे दोन कप्पे शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या खालून लघवीची नळी जाते. दोन्ही कप्प्यांभोवती एक चिवट, पांढरट आवरण असतं, त्याला ट्यूनिका अल्ब्युजिनिया म्हणतात. ताठरपणा येतो तो या आवरणामुळे. आत रक्त भरतं, आवरण ताणलं जातं, रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा त्याच्याखाली दाबल्या जातात आणि आत शिरलेलं रक्त अडून राहतं. एरवी हे आवरण साधारण २ मिलिमीटर जाड असतं. पूर्ण ताठरपणात ते ताणून ०.२५ ते ०.५ मिलिमीटर इतकं पातळ होतं. त्याच वेळी अवयव झटक्याने वाकला तर आतला दाब पाऱ्याच्या १५०० मिलिमीटरच्याही वर जातो. एरवीच्या ताठरपणात तो रक्तदाबाच्या आसपास असतो. इतका दाब पातळ झालेल्या आवरणाला पेलत नाही आणि ते आडवं फाटतं. दोघांना ऐकू आला तो या फाटण्याचा आवाज. ढिल्या लिंगाला मार लागला तर आवरण सहसा फाटत नाही, कारण तेव्हा ते जाड असतं आणि आत दाबही नसतो. म्हणूनच बाथरूमची गोष्ट पटत नाही.

आवरण फाटलं की अडून राहिलेलं रक्त त्या फटीतून बाहेर येतं. आतला दाब संपतो, म्हणून ताठरपणा क्षणात जातो. बाहेर आलेलं रक्त कातडीखाली साठतं, म्हणून सूज भराभर वाढते आणि रंग जांभळा होत जातो. जगभरची वैद्यकीय पुस्तकं या रूपाला वांग्याची उपमा देतात आणि ती चपखल आहे. या रुग्णाचं लिंग तसंच दिसत होतं: मुळापासून टोकापर्यंत गडद जांभळं, तुकतुकीत, नेहमीच्या दुप्पट जाड आणि उजवीकडे वळलेलं.

या वळण्यातून फट कुठे असेल याचा अंदाज येतो. ज्या बाजूला आवरण फाटतं तिथे रक्ताची गाठ साचते आणि ती अवयवाला पलीकडे ढकलते. उजवीकडे वळलंय म्हणजे फट डाव्या बाजूला असणार. मी हलक्या हाताने चाचपलं. मुळापासून दोनेक बोटांवर, डाव्या खालच्या बाजूला एक घट्ट, दुखरी गाठ लागली. वरची कातडी तिच्यावरून सरकत होती, गाठ मात्र जागची हलत नव्हती. फटीच्या तोंडाशी गोठलेलं रक्त हाताला असं लागतं. बहुतेक वेळा फट याच भागात असते, कारण खालच्या बाजूला, लघवीच्या नळीच्या कडेला, हे आवरण सर्वांत पातळ असतं.

पुढे दोन गोष्टी पाहायच्या होत्या. पहिली, रक्त कुठपर्यंत पसरलंय. आवरणाच्या बाहेर बक्स फॅशिया नावाचा आणखी एक थर असतो. तो शाबूत असला तर रक्त लिंगातच राहतं. तोही फाटला तर ते वृषणाच्या पिशवीत, जांघेत आणि ओटीपोटावर उतरतं. याची पिशवी स्वच्छ होती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: लघवीची नळी. आवरण फाटताना तीही फाटली असेल तर टोकाशी रक्ताचा थेंब दिसतो, लघवी लाल होते किंवा होतच नाही. त्याने रात्रभर भीतीने लघवी अडवून धरली होती. मी त्याला भांड्यात करायला लावली. धार बारीक होती, कारण सूज आजूबाजूने दाबत होती, पण रंग स्वच्छ होता.

शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, "सर, एमआरआय सांगू का?" मी नको म्हटलं. एमआरआयमध्ये फट सुरेख दिसते. पण आमच्या गावात ते यंत्र सकाळी नऊला सुरू होतं, नंबर लागायला आणखी वेळ जातो, आणि फट दिसली तरी करायचं तेच आहे. शंका असेल तेव्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय करावं. उदाहरणार्थ, कधीकधी आवरण शाबूत असतं आणि वरची एखादी शीर फुटलेली असते. तेव्हाही लिंग काळंनिळं होतं, पण ताठरपणा हळूहळू उतरतो आणि आवाज सहसा नसतो. या रुग्णात शंकेला जागाच नव्हती. माझ्या मते या आजारात सगळ्यात जास्त वेळ खातात त्या अशा मनाच्या समाधानासाठी सांगितलेल्या तपासण्या.

रात्री साडेदहा ते पहाटे पावणेसहा हे सव्वासात तास कुठे गेले, ते नंतर कळलं आणि ते सांगण्यासारखं आहे. पहिला दीड तास दोघं घाबरून बसले होते. फ्रीजमधला बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून लावला, ते बरोबरच केलं. बारा वाजता घरातली दुखण्याची गोळी घेतली आणि "सकाळी बघू" असं ठरलं. त्याला भीती दुखण्याची नव्हती. गावातल्या दवाखान्यात कंपाउंडरपासून सगळे ओळखीचे, तिथे काय सांगणार, ही होती. चार वाजता तो उठला, मोबाईलच्या उजेडात पाहिलं आणि हादरला. तेव्हा पत्नीने आपल्या वहिनीला फोन लावला. वहिनी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहेत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: आवाज आला होता का, आणि लगेच ढिलं पडलं का. दोन्हीला हो ऐकल्यावर म्हणाल्या, "सकाळची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता गाडी काढा आणि जिल्ह्याला जा, मूत्ररोगाचा सर्जन असेल तिथे. आणि याला काही खायला-प्यायला देऊ नका." त्या शेवटच्या वाक्यामुळे आमचे दोन-तीन तास वाचले. पोट रिकामं होतं, भूलतज्ज्ञांना थांबावं लागलं नाही.

घाई कशासाठी, हे मी त्याला तिथेच समजावलं, कारण त्याचा पहिला प्रश्न तोच होता: "सर, गोळ्या-इंजेक्शनने नाही का जमणार?" पूर्वी तसंच करत. बर्फ, घट्ट पट्टी, सूज उतरायच्या गोळ्या आणि पूर्ण विश्रांती. सूज उतरायचीही. पण आवरणाची फट दोन कडा जुळून भरून यायची नाही. मधल्या जागेत आधी गोठलेलं रक्त बसायचं, मग त्याचा कठीण व्रण व्हायचा. व्रण ताणला जात नाही. बाकीचं आवरण ताठरपणात लांब होतं आणि व्रणाची जागा आखडलेली राहते, म्हणून अवयव त्या बाजूला वाकतो. फट नीट बंद झाली नाही तर रक्त अडून राहायची क्षमताही कमी होते आणि ताठरपणा टिकत नाही. साचलेल्या रक्तात जंतू शिरले तर पू होतो. या इजेवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत, त्यांतही ऑपरेशन केलेल्यांत हे त्रास बरेच कमी दिसतात.

आणखी एक कारण आहे, ते रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरपणा येतो. त्याचा इच्छेशी संबंध नसतो आणि तो थांबवण्याचा खात्रीचा उपाय नाही. शिवलेलं नसेल तर असा प्रत्येक ताठरपणा फट पुन्हा उघडतो आणि आणखी रक्त बाहेर ढकलतो. म्हणजे "दोन दिवस वाट पाहू" म्हणणारा माणूस विश्रांती घेत नसतो. त्याची जखम रोज रात्री ताणली जात असते.

मग तासांचं काय? पहिल्या काही तासांत गोठलेलं रक्त मऊ असतं, सलाइनने धुतलं की निघून येतं. फटीच्या कडा स्वच्छ आणि धडधाकट असतात, टाका नीट धरतो. जसजसा वेळ जातो तसतसं रक्त आजूबाजूच्या थरांत जिरतं, सगळं सुजून फुगतं, थर एकमेकांपासून ओळखू येत नाहीत आणि लघवीची नळी व नसा जपून काम करणं अवघड होतं. आठवड्याभराने व्रण बनायला सुरुवात झालेली असते आणि कडा शोधायला तो कापावा लागतो. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात साधारण आठ तासांपेक्षा उशीर झालेल्या रुग्णांना पुढे ताठरपणाचा त्रास जास्त आढळला. दुसऱ्या काही अभ्यासांत २४ तासांच्या आत केलेल्या ऑपरेशनांत मोठा फरक दिसला नाही. तेव्हा आठव्या तासाला दार बंद होतं असं कोणी समजू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्यालाही ऑपरेशनचा फायदा होतो. मात्र उशिराने काही चांगलं होत नाही, आणि पहिल्या रात्रीचे तास सर्वांत मोलाचे.

त्याने सही केली. संमतीपत्रात मी स्वतःच्या हाताने तीन गोष्टी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या: टाक्यांच्या जागी बारीक गाठ हाताला लागू शकते, थोडं वाकडेपण राहू शकतं, आणि काहींना ताठरपणाची अडचण येऊ शकते. हे आधी सांगितलेलं बरं असतं.

साडेसातला पाठीतून भूल देऊन सुरुवात केली. आधी दुर्बिणीने लघवीची नळी आतून पाहून घेतली, शाबूत होती. मग छेद कुठे घ्यायचा हा प्रश्न. पुस्तकातली नेहमीची पद्धत म्हणजे टोकाच्या बोंडाखाली गोल छेद घ्यायचा आणि कातडी मुळापर्यंत मागे सरकवायची. त्यात दोन्ही कप्पे आणि नळी सगळीकडून दिसतात. पण याची सुंता झालेली नव्हती. अशा वेळी गोल छेदानंतर पुढची कातडी खूप सुजते, कधी तिचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ते टाळायला सुंता करावी लागते. इथे फट मुळाजवळ आहे हे हाताला कळलं होतं, दुसरी बाजू आणि नळी ठीक होती. म्हणून मी खालच्या बाजूने, लिंग आणि पिशवी जिथे मिळतात तिथे, मध्यरेषेवर साडेतीन-चार सेंटीमीटरचा उभा छेद घेतला. या जागेचा व्रण नंतर सुरकुतीत दिसतही नाही.

बक्स फॅशिया उघडताच काळपट रक्ताच्या गुठळ्या बाहेर आल्या. त्या काढून सलाइनने धुतलं आणि फट समोर दिसली. डाव्या कप्प्याच्या खालच्या कडेला, आडवी, दीड सेंटीमीटर लांब, लघवीच्या नळीपासून काही मिलिमीटरवर थांबलेली. आणखी थोडी पुढे गेली असती तर नळी फाटली असती. मग तिचे वेगळे, बारीक टाके आणि दोन-तीन आठवडे कॅथेटर, असं लांबलं असतं. मुळाशी बोटाने दाब दिल्यावर रक्त थांबलं. कडा ताज्या होत्या, कापून साफ करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. हळू विरघळणाऱ्या २-० धाग्याचे सुटे टाके घातले, सहा लागले. गाठी आतल्या बाजूला वळवून घेतल्या. हे बारीकसारीक वाटेल, पण कातडी इथे इतकी पातळ असते की बाहेर राहिलेली गाठ रुग्णाला आणि जोडीदाराला महिनोन्‌महिने टोचते.

मग चाचणी. बारीक सुईने कप्प्यात सलाइन भरलं, मुळाशी दाब ठेवला आणि कृत्रिम ताठरपणा आणला. दोन गोष्टी पाहायच्या असतात: टाक्यांतून गळतंय का, आणि अवयव सरळ आहे का. एका ठिकाणी थेंब झिरपत होता, तिथे सातवा टाका घातला. पुन्हा भरलं. कोरडं आणि सरळ. थर बंद केले, सैलसर पट्टी बांधली, एका रात्रीपुरता कॅथेटर ठेवला. सगळं मिळून तासाभराच्या आसपास.

बाहेर पत्नी एकटीच उभी होती. मी सगळं ठीक झाल्याचं सांगितलं. तिने खाली बघत विचारलं, "डॉक्टर, माझ्यामुळे झालं का हे?" हा प्रश्न बायका फार वेळा विचारतात आणि त्याचं उत्तर चालता चालता देऊ नये. मी तिला बसवून सांगितलं की स्त्री वर असताना किंवा पुरुष मागून असताना निसटून आपटण्याचा धोका थोडा जास्त असतो, कारण वेग आणि दिशा एकाच्याच हातात राहते. पण हीच इजा नेहमीच्या स्थितीत होते, झोपेत कूस बदलताना होते, ताठरपणा हाताने दाबून बसवताना होते. इराणच्या केरमानशाह भागात ताठ लिंग वाकवून 'कट्' वाजवण्याची सवय आहे, तिथल्या बऱ्याच केसेस त्यातूनच येतात. यात कोणाचा गुन्हा नाही. ती म्हणाली, "यांना पण सांगाल का?" मी सांगितलं, दोघं एकत्र असताना.

दुसऱ्या दिवशी कॅथेटर काढला, लघवी नीट झाली, तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. दोन्ही रात्री झोपेतल्या ताठरपणाने त्याला जाग आली, टाके तुटतील म्हणून तो घाबरला. ताठरपणा रोखायच्या गोळ्या काही जण देतात, पण त्यांचा भरवसा नाही, मी दिल्या नाहीत. सूज आणि दुखणं कमी करायची औषधं आणि "उठून चार पावलं चाला, उतरेल" एवढंच सांगितलं. टाके नीट घातलेले असले की ते हा ताण सहन करतात. संबंध आणि हस्तमैथुन सहा आठवडे बंद.

सहा आठवडे उलटून गेल्यावर तो आला तेव्हा जखम उत्तम होती, टाक्यांच्या जागी तांदळाएवढी गाठ हाताला लागत होती. सकाळचा ताठरपणा पूर्ण आणि सरळ येतो म्हणाला. तरीही संबंधाच्या वेळी मात्र मध्येच जात होता. सकाळी येतो आणि जोडीदाराबरोबर जातो, तेव्हा अवयव ठीक असतो, भीती आड येत असते. त्या आवाजाची भीती दोघांनाही बसली होती. मी महिनाभर ताठरपणा टिकवायची कमी मात्रेची गोळी दिली, सावकाश सुरुवात करायला सांगितलं, आणि निसटलं तर जोर न लावता थांबायचं हे दोघांना समजावलं. तिसऱ्या महिन्यात गोळीची गरज राहिली नव्हती.

याच वर्षी आणखी एक जण आला होता, इजेनंतर चार महिन्यांनी. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सूज आपोआप उतरली म्हणून तो निर्धास्त होता, नंतर ताठरपणात अवयव डावीकडे इतका वाकू लागला की संबंध अशक्य झाले. अशा वेळी फट शिवण्याची वेळ गेलेली असते. वाकडेपण वाढायचं थांबलं आणि काही महिने स्थिर राहिलं की मगच ऑपरेशन करायचं, आणि त्याच्या सोप्या प्रकारात उलट बाजूच्या आवरणाला चुण्या घालून सरळ करतात. सरळ होतं, पण लांबी थोडी कमी होते. त्याला ते मान्य आहे, तारीख ठरली आहे.